जरह व तादील: एका सनदेतले सहा रावी कसे तपासावेत

हदीसचा कोणताही जुना संग्रह उघडला, तर पैगंबरांचे वचन येण्याआधी नावांची एक रांग लागते. अमुक म्हणाला की मला तमुकने सांगितले, आणि त्याने ते अमक्याकडून ऐकले होते. या रांगेला सनद म्हणतात, रांगेतल्या प्रत्येक माणसाला रावी म्हणतात आणि रांग संपल्यावर जो मजकूर येतो त्याला मतन म्हणतात. जरह व तादील हे शास्त्र रांगेतल्या माणसांविषयी आहे. जरह म्हणजे रावीच्या विश्वासार्हतेला बाध आणणारा शेरा, आणि तादील म्हणजे तो विश्वासार्ह असल्याचा निर्वाळा.

नवख्या अभ्यासकाची बहुधा अशी समजूत असते की एखाद्या मोठ्या इमामाने रावीविषयी काही वाईट म्हटले की रावी बाद झाला आणि चांगले म्हटले की पास झाला. प्रत्यक्षात शेरा सापडणे ही या कामाची निम्मी वाटसुद्धा नसते. तो कोणी दिला, कशावरून दिला आणि त्या विशिष्ट इमामाच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय, हे ठरवल्याशिवाय शेरा वापरता येत नाही. ही गोष्ट नियम पाठ करून कळत नाही, एक सनद हातात घेऊन शेवटपर्यंत गेले की कळते. म्हणून येथे सहीह बुखारीतली अगदी पहिली सनद घेतली आहे. ‘कर्मे ही हेतूंवरच ठरतात’ या वचनाची ही सनद छोटी आहे, तिच्यातली माणसे प्रसिद्ध आहेत, आणि तरीही तिच्यात एक रावी असा आहे की ज्याच्याविषयी खुद्द इमाम अहमद बिन हंबल यांचा प्रतिकूल शेरा नोंदलेला आहे.

पहिली पायरी: सनद उभी मांडून घ्या

छापील ग्रंथात सनद सलग ओळीत असते. ती वहीवर एकाखाली एक अशी उतरवून घ्यावी आणि प्रत्येक नावाबरोबर पुढच्या माणसाशी त्याला जोडणारे क्रियापदही लिहावे. हे क्रियापद टाळून केवळ नावे लिहिण्याची सवय पुढे फार महागात पडते. आपली सनद अशी दिसेल:

इमाम बुखारी (मृत्यू हिजरी 256) सांगतात: ‘हद्दसना’, म्हणजे आम्हांला सांगितले,
अल-हुमैदी, अब्दुल्लाह बिन जुबैर यांनी. ते म्हणतात: ‘हद्दसना’
सुफयान यांनी, ते म्हणतात: ‘हद्दसना’
यह्या बिन सईद अल-अन्सारी यांनी. ते म्हणतात: ‘अख्बरनी’, म्हणजे मला कळवले,
मुहम्मद बिन इब्राहीम अत-तैमी यांनी; त्यांनी ‘समिआ’, म्हणजे ऐकले,
अल्कमा बिन वक्कास अल-लैसी यांना. आणि ते म्हणत होते: ‘समिअतु’, मी ऐकले,
उमर बिन खत्ताब यांना, मिंबरवरून बोलताना.

बुखारी हे संकलक आहेत, त्यामुळे तपासायचे रावी सहा उरतात. येथे प्रत्येक जोडणीत ऐकल्याचा स्पष्ट उल्लेख आहे हे आताच टिपून ठेवावे. पुष्कळ सनदांमध्ये या जागी नुसते ‘अन’ असते, म्हणजे ‘अमक्याकडून’. त्या शब्दाने प्रत्यक्ष ऐकले की मधला कोणी गाळला हे कळत नाही, आणि असा मधला दुवा झाकणाऱ्या प्रकाराला तदलीस म्हणतात.

दुसरी पायरी: हा माणूस नेमका कोण?

कोशात शेरा शोधण्याआधी रावीची ओळख पक्की करावी लागते. नवख्यांच्या सर्वाधिक चुका येथेच होतात, कारण एकाच नावाचे अनेक रावी असतात आणि त्यांच्यातला एक अत्यंत भरवशाचा, तर दुसरा अगदी कच्चा असू शकतो.

आपल्या सनदेत नुसते ‘सुफयान’ म्हटले आहे. त्या काळात या नावाचे दोन थोर इमाम होते: कूफ्याचे सुफयान सौरी, जे हिजरी 161 मध्ये वारले, आणि कूफ्यात जन्मून मक्केत स्थायिक झालेले सुफयान बिन उयैना, जे हिजरी 198 मध्ये वारले. दोघेही यह्या बिन सईद अल-अन्सारी यांचे शिष्य होते आणि दोघांनीही त्यांच्याकडून हेच वचन सांगितले आहे, त्यामुळे गुरूकडे पाहून हा प्रश्न सुटत नाही. अशा वेळी शिष्याकडे पाहावे. हुमैदी मक्केचे होते आणि इब्न उयैना यांच्या शिष्यांमध्ये अग्रगण्य मानले जात. अबू हातिम राजी यांनी तर इब्न उयैना यांच्या हदीसींबाबत सर्वांत पक्का माणूस म्हणून हुमैदींचेच नाव घेतले आहे. सुफयान सौरींकडून हुमैदींनी काही ऐकल्याची नोंद नाही. म्हणून येथला सुफयान म्हणजे इब्न उयैना. या दोन सुफयानांच्या बाबतीत चुकूनही फारसे नुकसान होत नाही, कारण दोघेही पहिल्या प्रतीचे आहेत, पण पद्धत हीच आणि ती सवयीची करून घ्यावी.

दुसरे नाव यह्या बिन सईद. बुखारींनी येथे ‘अल-अन्सारी’ असे पुढे जोडले आहे, पण हेच वचन त्यांनी आपल्या ग्रंथात सात ठिकाणी घेतले आहे आणि काही जागी नुसते ‘यह्या बिन सईद’ एवढेच आहे. याच नावाचे बसऱ्याचे यह्या बिन सईद अल-कत्तान हे जरह व तादीलचे स्वतः मोठे अधिकारी होते. त्यांच्यात आणि मदीनेच्या अन्सारींमध्ये गोंधळ झाला, तर तो सनांवरून लगेच सुटतो. कत्तान यांचा जन्म हिजरी 120 चा आहे आणि सनदेतले पुढचे रावी तैमी त्याच सुमारास वारले. पाळण्यातले मूल त्यांच्याकडून हदीस ऐकणार नाही. म्हणून तैमींकडून थेट ऐकणारा यह्या हा मदीनेचा अन्सारी, ज्याचा मृत्यू हिजरी 143 च्या आसपासचा आहे.

तिसरी पायरी: कोश उघडणे आणि त्याची भाषा वाचणे

रावींच्या चरित्रांचे कोश अनेक आहेत, पण सुरुवातीला तीनच जवळ असले तरी पुरते. इब्न अबी हातिम (मृत्यू हिजरी 327) यांच्या ‘अल-जरह वत-तादील’मध्ये जुन्या इमामांचे मूळ शेरे सापडतात. इब्न हजर अस्कलानी (मृत्यू हिजरी 852) यांच्या ‘तहजीबुत-तहजीब’मध्ये सहा प्रमुख हदीसग्रंथांतल्या रावींविषयीची बाजूची आणि विरोधातली मते एकत्र मिळतात, आणि त्यांच्याच ‘तकरीबुत-तहजीब’मध्ये प्रत्येक रावीवर एका-दोन ओळींचा निष्कर्ष असतो. यांतल्या पहिल्या दोन ग्रंथांशी आपल्या भागाचा संबंध जवळचा आहे. दोन्ही हैदराबाद दख्खनच्या दाइरतुल मआरिफमधून छापून निघाले, आणि ‘अल-जरह वत-तादील’चे संपादन करणारे येमेनी विद्वान अब्दुर्रहमान मुअल्लिमी अनेक वर्षे तेथेच काम करत होते. जगभरातले अभ्यासक आजही ज्या प्रती वापरतात त्यांच्या मागे मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या संस्थानाची ही संस्था आहे, याची आपल्याकडे व्हावी तेवढी दखल घेतली जात नाही.

‘तकरीब’ आधी उघडावा, पण त्याची सांकेतिक भाषा ठाऊक हवी. त्यात तैमींची नोंद साधारण अशी आहे: सिका, त्यांची काही एकट्याची रिवायते, म्हणजे दुसऱ्या कोणी न सांगितलेली कथने, आहेत, चौथ्या तबक्यातले, सन वीसमध्ये वारले. नवखा वाचक ‘सन वीस’ पाहून चक्रावतो, कारण हिजरी 20 मध्ये उमर अजून खलिफा होते. इब्न हजर यांनी प्रस्तावनेत सांगून ठेवले आहे की त्यांनी रावींचे बारा तबके, म्हणजे पिढ्या, पाडल्या आहेत. पहिल्या दोन तबक्यांतली माणसे शंभरच्या आत वारली, तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची शंभरनंतर आणि नवव्यापासून पुढची दोनशेनंतर, म्हणून शतकाचा आकडा ते लिहीत नाहीत. तबका चौथा असल्याने ‘वीस’ म्हणजे 120. तबका न पाहता सन वाचला, तर अखंड सनद तुटलेली वाटू शकते.

निष्कर्षाचे शब्दही ठरलेले आहेत. ‘सिका’ म्हणजे सचोटी आणि अचूकता या दोन्ही बाबतीत भरवशाचा. ‘सब्त’ किंवा ‘हाफिज’ यांची जोड मिळाली की दर्जा आणखी वर जातो. ‘सदूक’ म्हणजे सच्चा, पण अचूकतेत सिकापेक्षा थोडा उणा, आणि अशा रावीची हदीस सामान्यतः ‘हसन’, म्हणजे निर्दोष ठरलेल्या ‘सहीह’च्या खालोखालच्या, दर्जाची धरतात. ‘मकबूल’ हा शब्द ऐकायला चांगला वाटतो, तरी इब्न हजर यांच्या परिभाषेत त्याचा अर्थ दुसऱ्या कोणी तेच सांगितले तर स्वीकारण्याजोगा, नाहीतर कच्चा, असा आहे. ‘जईफ’ म्हणजे दुर्बळ, ‘मत्रूक’ म्हणजे टाकून दिलेला, आणि तळाशी ‘कज्जाब’, म्हणजे खोटारडा.

या भाषेत आपली सनद पाहिली, तर हुमैदी सिका आणि हाफिज आहेत, यह्या अन्सारी सिका आणि सब्त आहेत, आणि अल्कमाही तसेच. अल्कमा खलिफा अब्दुल मलिकच्या काळात मदीनेत वारले. उमर हे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, आहेत, आणि सुन्नी हदीसशास्त्रात सहाबींच्या सचोटीची वेगळी तपासणी होत नाही. शिया परंपरेत ही भूमिका वेगळी आहे आणि तिचे रावीकोशही वेगळे आहेत. इब्न उयैना यांची नोंद मात्र थांबून वाचण्यासारखी आहे. त्यांना इमाम, हाफिज, हुज्जत असे सर्व मोठे शब्द लावून इब्न हजर दोन गोष्टी जोडतात: अखेरीस त्यांची स्मरणशक्ती बदलली होती, आणि ते कधी कधी तदलीस करत, पण सिका रावींचीच नावे गाळत. यांतली दुसरी गोष्ट आपल्या सनदेला लागत नाही, कारण पहिल्या पायरीत टिपल्याप्रमाणे त्यांनी येथे ‘हद्दसना’ असे स्पष्ट म्हटले आहे. पहिलीही लागत नाही, कारण हुमैदी हे त्यांचे जुने, वर्षानुवर्षांच्या सहवासातले शिष्य, अखेरच्या दिवसांत येऊन बसलेले श्रोते नव्हेत.

चौथी पायरी: शेरा कशावरून दिला गेला?

रावीकडून दोन गोष्टी अपेक्षित असतात. पहिली अदालत: तो मुसलमान, समजता आणि उघड दुराचरणापासून दूर असावा, खोटे बोलणारा नसावा. दुसरी जब्त: जे ऐकले ते तसेच्या तसे राखण्याची क्षमता, मग ती स्मरणात असो वा वहीत. प्रत्येक जरह यांपैकी कशावर आहे हे आधी ठरवावे, कारण अत्यंत सज्जन माणूसही फार चुकणारा असू शकतो, आणि तशी उदाहरणे कोशांत भरपूर आहेत.

अदालतीवरचा शेरा कधी कधी अगदी कमकुवत कारणावर उभा असतो. कूफ्याच्या मिन्हाल बिन अम्र या रावीविषयी शुअबा यांनी सांगितले की मी त्याच्या घरी गेलो तेव्हा आतून तंबोऱ्याचा आवाज आला, म्हणून मी परतलो आणि त्याच्याकडून ऐकणे सोडले. त्यावर त्यांना विचारले गेले की त्याला विचारले का नाही, कदाचित त्याला ठाऊकच नसेल. खतीब बगदादी यांनी हा प्रसंग जरहची कारणे तपासण्याच्या संदर्भात नोंदवला आहे. शुअबांसारख्या कठोर आणि अधिकारी माणसाचे कारण समोर आल्यावर ते पुरेसे ठरले नाही, आणि पुढे बुखारींनी मिन्हाल यांच्याकडून हदीस घेतली. जरह कारणासह हवी, हा नियम अशा अनुभवांतून आला आहे.

जब्त तपासण्याची रीत त्याहून काटेकोर होती. यह्या बिन मईन (मृत्यू हिजरी 233) हे बसऱ्याच्या हम्माद बिन सलमा यांच्या हदीसी अनेक शिष्यांकडून उतरवून घेत होते. अफ्फान यांनी ऐकवायला नकार दिला, तेव्हा एका दिरहमाचा तर खर्च, बसऱ्याला जाऊन तबूजकी यांच्याकडून ऐकतो, असे म्हणून ते निघाले. तबूजकींनीही विचारले की याआधी कोणाकडूनच ऐकले नाही का? इब्न मईन म्हणाले, सतरा जणांकडून ऐकले आहे, तुम्ही अठरावे. मग इतक्या वेळा कशाला? तर हम्माद स्वतः चुकत असत, आणि त्यांची चूक कोणती व शिष्यांची कोणती हे मला वेगळे करायचे आहे. सगळे शिष्य एकाच जागी चुकले असतील, तर ती चूक हम्मादची; सगळे एक सांगतात आणि एकटाच वेगळे सांगतो, तर ती त्या एकट्याची.

इब्न मईन यांच्या लेखणीतून ‘सिका’ किंवा ‘जईफ’ असा एका शब्दाचा शेरा उतरतो, तेव्हा त्यामागे बहुधा अशी मांडून केलेली तुलना असते. आपल्याला निकालाचा शब्द तेवढा दिसतो. म्हणूनच दोन इमामांची मते जुळत नसतील, तेव्हा कोणी कोणती सामग्री पाहिली असेल असा विचार करावा लागतो.

पाचवी पायरी: मते आपसांत भिडतात तेव्हा

आता तैमींकडे वळू. इब्न मईन, अबू हातिम आणि नसाई यांनी त्यांना सिका म्हटले आहे. नसाई आणि अबू हातिम हे दोघे कडक परीक्षक म्हणून ओळखले जातात, त्यामुळे त्यांच्या निर्वाळ्याला वजन अधिक. पण अहमद बिन हंबल यांचे म्हणणे असे नोंदले आहे की तैमींच्या हदीसमध्ये काहीतरी आहे, ते मुन्कर गोष्टी सांगतात. जहबी यांनी ‘मीजानुल इअतिदाल’ या ग्रंथात हा शेरा घेतला आहे, आणि सर्वसाधारण वाचक ‘मुन्कर’ या शब्दाशीच अडखळतो, कारण उत्तरकालीन परिभाषेत मुन्कर म्हणजे दुर्बळ रावीने भरवशाच्या रावींच्या विरुद्ध सांगितलेली, फेटाळण्याजोगी गोष्ट.

येथे घाईने एक नियम लावला जातो: जरह ही तादीलपेक्षा वरचढ. तो नियम खरा आहे, पण अर्धाच. वरचढ ठरते ती ‘मुफस्सर’ जरह, म्हणजे कारण सांगून केलेली. ज्याला बाकीच्यांनी सिका ठरवले आहे त्याच्याविरुद्ध मोघम शेरा पुरत नाही. अहमद यांनी ‘काहीतरी आहे’ म्हणून सोडून दिले असते, तर येथेच थांबता आले असते. पण त्यांनी ‘मुन्कर’ असे कारणही दिल्यासारखे दिसते, म्हणून पुढे जावे लागते.

पुढे जाण्याचा मार्ग म्हणजे अहमद हा शब्द इतरत्र कसा वापरतात ते पाहणे. इब्न हजर यांनी बुखारीवरच्या भाष्याच्या प्रस्तावनेत, ज्या रावींवर आक्षेप घेतले गेले त्यांची एकेक करून तपासणी केली आहे, आणि तैमींच्या नावापाशी ते सांगतात की अहमद व आणखी काही इमाम ‘मुन्कर’ हा शब्द एकट्यानेच सांगितलेल्या, दुसरा आधार नसलेल्या हदीससाठी वापरत. तो शेरा याच अर्थाने घ्यावा. म्हणजे अहमद यांना जे खटकले ते चुकणे नव्हे, एकटेपणा होता.

हे स्पष्टीकरण केवळ बचावासाठी शोधलेले नाही, आणि त्याची खातरजमा आपल्या सनदेतच होते. ‘कर्मे हेतूंवर ठरतात’ हे वचन या विश्वसनीय मार्गाने उमर यांच्याकडून एकट्या अल्कमाने सांगितले, अल्कमाकडून एकट्या तैमींनी आणि तैमींकडून एकट्या यह्या अन्सारींनी. यह्यांपाशी आल्यावर मात्र इमाम मालिक, दोन्ही सुफयान आणि इतर कितीतरी जण ते सांगू लागतात. चार पिढ्यांपर्यंत एकच धागा आणि मग एकदम झुपका, अशी तिची आकृती होते. अशा हदीसला गरीब म्हणतात. ज्याची सर्वांत प्रसिद्ध हदीस या जातीची आहे, त्याच्या नावापुढे ‘एकट्याची रिवायते’ असे कोणी लिहिले, तर ते वस्तुस्थितीचे वर्णन आहे. ‘तकरीब’मधली ‘सिका, पण काही एकट्याची रिवायते’ ही ओळ वरवर साधी वाटते, पण तिच्यात अहमद यांचा शेरा आणि बाकीच्यांचा निर्वाळा दोन्ही सामावलेले आहेत. जहबींनी तो शेरा उद्धृत केल्यावर लगोलग लिहिले की लोकांनी त्यांना विश्वसनीय मानले, बुखारी आणि इमाम मुस्लिम या दोघांनी त्यांच्यावर भिस्त ठेवली आणि ते पूल ओलांडून गेले आहेत, म्हणजे कसोटीला उतरले आहेत.

एक सावधगिरी येथे हवी. ‘अहमद यांच्या तोंडी मुन्कर म्हणजे एकट्याचे’ हे सूत्र सगळ्या रावींना सरसकट लावू नये. ज्याला इतर कोणीच उचलून धरलेले नाही, त्याच्याबाबत अहमद यांनी तोच शब्द वापरला, तर तो दोषच असू शकतो. तैमींच्या बाबतीत सौम्य अर्थ स्वीकारला जातो, कारण बाकीचे सारे पुरावे त्याच दिशेचे आहेत.

सहावी पायरी: तोच शब्द, दुसरी सनद

हा फरक पक्का होण्यासाठी एक दुबळी सनद शेजारी ठेवावी. ‘ज्ञान मिळवा, मग ते चीनमध्ये का असेना’ हे वचन शाळांच्या भिंतींवर आणि भाषणांत सर्रास दिसते. त्याची प्रसिद्ध सनद अवघी तीन रावींची आहे: हसन बिन अतिया यांनी अबू आतिका यांच्याकडून, आणि अबू आतिका यांनी अनस बिन मालिक या सहाबींकडून.

तपास आधीच्याच क्रमाने करावा. अनस यांच्यावर प्रश्न नाही. हसन बिन अतिया यांना सदूक म्हटले गेले आहे, म्हणजे त्यांच्यावर सनद मोडत नाही. उरले अबू आतिका. त्यांचे नाव तरीफ बिन सलमान की सलमान बिन तरीफ, येथपासूनच मतभेद आहेत, आणि ज्याच्या नावाबद्दलच समकालीनांची खात्री नाही तो रावी फारसा ओळखीचा नव्हता हे त्यातून दिसतेच. बुखारी त्यांच्याविषयी म्हणतात ‘मुन्करुल हदीस’. अबू हातिम त्यांची हदीस वाया गेलेली ठरवतात. नसाई म्हणतात, सिका नाहीत. तिर्मिजींनी उपवासात डोळ्यात सुरमा घालण्याविषयीची एक हदीस याच हसन-अबू आतिका-अनस मार्गाने घेतली आहे आणि लगेच खाली लिहिले आहे की ही सनद मजबूत नाही, अबू आतिका दुर्बळ मानले जातात.

आता बुखारींच्या ‘मुन्करुल हदीस’कडे पाहावे. बुखारी शब्द तोलून वापरणारे होते. इतर जण जेथे ‘खोटारडा’ म्हणतील तेथे ते ‘त्याच्याविषयी मौन पाळले गेले’ असे म्हणत. स्वतःच्या या शब्दप्रयोगाविषयी त्यांचे म्हणणे सांगितले जाते की ज्याला मी मुन्करुल हदीस म्हटले त्याच्याकडून हदीस सांगणे योग्य नाही. म्हणजे त्यांच्या लेखणीतून हा कठोर निकाल आहे. अहमद यांच्या शब्दात आणि याच्यात धातू एकच आहे, पण बोलणारा वेगळा, रावी वेगळा आणि भोवतीची साक्षही वेगळी. तैमींना बहुतेकांनी उचलून धरले होते. अबू आतिका यांच्या बाजूने बोलणारा कोणी वजनदार इमाम नाही. येथे जरह आणि तादीलचा सामनाच होत नाही, कारण दुसरी बाजू रिकामी आहे. इब्न हिब्बान यांनी या वचनाला निराधार म्हटले आणि इब्नुल जौजी यांनी ते बनावट हदीसींच्या संग्रहात घेतले. बैहकींसारखे काही जण मात्र सनद दुर्बळ आहे एवढ्यावरच थांबले.

या मतभेदावरून आणखी एक गोष्ट शिकावी. रावी दुर्बळ असला की त्याने सांगितलेले प्रत्येक वचन बनावट ठरत नाही. चूक झाली असण्याची शक्यता इतकी वाढते की त्यावर भिस्त ठेवता येत नाही, इतकेच. बनावट म्हणायला वेगळा पुरावा लागतो. त्याच वचनाचा ‘ज्ञान मिळवणे प्रत्येक मुसलमानावर बंधनकारक आहे’ हा उत्तरार्ध इतर मार्गांनी इब्न माजा आणि इतरांकडे आला आहे, आणि त्याचा दर्जा त्या मार्गांवरून स्वतंत्रपणे ठरतो. अबू आतिका यांच्यावर ठपका आला म्हणून तो भाग आपोआप पडत नाही, आणि तो भाग उभा राहिला म्हणून चीनचा उल्लेख आपोआप तरत नाही.

सातवी पायरी: निष्कर्ष कसा लिहावा

शेवटी वहीत जे लिहायचे त्याची भाषा जपून निवडावी. रावी तपासून झाले म्हणजे आपण फक्त सनदेविषयी बोलू शकतो. सारे रावी सिका असूनही एखाद्याने सहाबीचे बोलणे पैगंबरांच्या नावावर घातलेले असू शकते, किंवा दोन वचने एकात मिसळलेली असू शकतात. असा लपलेला दोष, म्हणजे इल्लत, सर्व मार्ग समोर ठेवल्याशिवाय दिसत नाही, आणि ते काम जरह व तादीलच्या पलीकडचे आहे. म्हणून नवख्याने ‘ही हदीस सहीह आहे’ असे न लिहिता ‘हिची सनद सहीह आहे’ असे लिहावे, आणि दुर्बळ असेल तेव्हा ‘या सनदेने दुर्बळ आहे’ असे लिहावे. शेऱ्यासोबत शेरा देणाऱ्याचे नावही नोंदवावे, कारण नाव वगळून उतरवलेला ‘मुन्कर’ हा शब्द पुढच्या वाचकाच्या काही कामाचा राहत नाही.

आपल्या दोन सनदांच्या नोंदी अशा होतील. पहिली: सनद सहीह आणि अखंड, प्रत्येक दुव्यात ऐकल्याचा स्पष्ट उल्लेख, सुफयान म्हणजे इब्न उयैना, हुमैदींवरून निश्चित, तैमींवर अहमद यांचा ‘मुन्कर’ हा शेरा, पण इब्न मईन, अबू हातिम आणि नसाई यांच्याकडून सिका, आणि शेऱ्याचा अर्थ इब्न हजर यांच्या मते एकट्याचे कथन, यह्या अन्सारींपर्यंत गरीब, पुढे अनेकांकडून. दुसरी: या सनदेने अतिशय दुर्बळ, कारण अबू आतिका, बुखारींकडून ‘मुन्करुल हदीस’, नसाईंकडून ‘सिका नाही’, तादील आढळत नाही, उत्तरार्धाचे इतर मार्ग वेगळे तपासायचे.